उसाची आग : तारेखाली, बांधावर आणि पहिल्या दोन दिवसांत

उसाचा फड डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आगीला सर्वांत सहज बळी पडतो. या काळात ऊस पक्व झालेला असतो, खालची पाने वाळून कांड्यांना लोंबत असतात आणि सरीत वाळक्या पाल्याचा थर साचलेला असतो. कांडी रसाने भरलेली असली तरी पाला कागदासारखा पेटतो. दुपारच्या वाऱ्यात ठिणगी पडली, तर एकराचा फड पाहता पाहता जळून जातो आणि आग शेजारच्या रानात शिरते. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात अशा आगींची दोन कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात : शेतावरून गेलेल्या वीजतारांमधून पडणाऱ्या ठिणग्या आणि तोडणीनंतर पेटवलेले पाचट किंवा बांध.

ठिणगी कुठून येते

डीपीपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत जाणाऱ्या लघुदाब वाहिनीच्या तारा बहुधा उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात. खांबावर त्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर ताणलेल्या असतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खांब कलतो, ताण सैल होतो, दोन खांबांमधली तार झोळीसारखी लोंबते. मग जोराच्या वाऱ्यात शेजारशेजारच्या तारा झुलून एकमेकींना टेकतात. त्या क्षणी मोठा प्रवाह वाहतो, स्पर्शाच्या जागी धातू वितळतो आणि त्याचे तापलेले बारीक गोळे खाली पडतात. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे असा गोळा वाळक्या पाल्यावर पडला की आग लागायला पुरेसा असतो.

अशा वेळी डीपीच्या पेटीतला फ्यूज वितळून वाहिनी बंद झाली पाहिजे. पण फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार बांधली, तर दोष असूनही वाहिनी चालूच राहते आणि तारा पुन्हा पुन्हा घासून ठिणग्या पाडत राहतात. खांबावरचा सैल जोड, तडकलेला चिनी मातीचा चिमणा, तारेला टेकलेली झाडाची फांदी आणि चोरून टाकलेला आकडा हीही ठिणगीची ठिकाणे आहेत.

तारेची उंची हा यातला मुख्य मुद्दा आहे. रस्ता नसलेल्या ठिकाणी ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेचे जमिनीपासूनचे किमान अंतर वीज सुरक्षा नियमांनुसार ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट असते. पक्व ऊस १० ते १२ फूट वाढतो, तुरा आला की आणखी उंच होतो. म्हणजे तार नियमाप्रमाणे असली तरी शेंड्यापासून फार तर चार-पाच फूट अंतर उरते. तार थोडी लोंबली की हे अंतर संपते आणि वाऱ्यात शेंडा थेट तारेला घासू लागतो.

तारेखालची पट्टी

म्हणून पहिला उपाय लागवडीच्या वेळीच करायचा असतो. तार जाते तिच्या दोन्ही बाजूंना काही मीटरची पट्टी उसाऐवजी हरभरा, भुईमूग किंवा हिरव्या चाऱ्यासारख्या ठेंगण्या पिकाला द्यावी. त्या पट्टीतले थोडे उत्पन्न कमी होते, पण ठिणगी पडली तरी खाली वाळका पाला नसतो. ऊस आधीच लावला असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून त्या पट्टीतल्या उसाची खालची वाळलेली पाने काढून पट्टीबाहेर न्यावीत. डीपीभोवतीची जागाही गवत आणि पाचट काढून मोकळी ठेवावी, कारण फ्यूजची ठिणगी तिथेच पडते.

दुसरा उपाय महावितरणकडे लेखी मागणी करण्याचा. तार लोंबलेली, खांब कललेला, फांदी टेकलेली दिसली की शाखा कार्यालयात अर्ज द्यावा, अर्जावर पोच घ्यावी आणि जागेचा दिनांकासह फोटो काढून ठेवावा. १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवली तर तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तारा ताणणे, खांब सरळ करणे, दोन तारांमध्ये अंतर राखणारे स्पेसर बसवणे आणि गरज असेल तिथे आवरण असलेली केबल टाकणे ही वीज कंपनीची कामे आहेत. शेतकऱ्याने बांबूने तार उचलणे, खांबावर चढणे किंवा तारांना दोरी बांधणे जिवावर बेतते. ही जुनी पोच पुढे आग लागलीच तर दाव्यात सर्वांत मोलाची ठरते : धोका कळवला होता, तरी दुरुस्ती झाली नाही, हे तिच्यातून दिसते.

पाचट आणि बांध पेटवताना

तोडणीनंतर शेतात पाचटाचा जाड थर उरतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि ते पेटवले की खोडवा लवकर मोकळा होतो असे वाटते. पण त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातो, जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू मरतात आणि ठिबकच्या नळ्या जमिनीवरच असतील तर त्याही वितळतात. आगीचा खरा धोका मात्र शेजाऱ्याला असतो. पाचटाच्या जळत्या पाती वाऱ्यावर उडतात आणि बांधापलीकडच्या न तोडलेल्या उसात किंवा गव्हाच्या कापणीला आलेल्या रानात जाऊन पडतात. बांधावरचे गवत जाळतानाही असेच होते. दुसऱ्याच्या पिकाला किंवा जिवाला धोका होईल असा आगीचा निष्काळजी वापर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे.

पाचट कुजवणे हा त्याचा पर्याय आहे आणि त्याला यंत्राची फारशी गरज नाही. पाचट एकसारखे पसरावे किंवा एका सरीआड दाबावे. प्रत्येक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. युरिया घालायचा कारण पाचटात कर्ब जास्त आणि नत्र कमी असते. नत्र बाहेरून दिले नाही तर कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. बुडखे जमिनीलगत छाटावेत, म्हणजे कोंब जमिनीतून जोमाने येतात. ओलावा टिकला तर काही महिन्यांत पाचट मातीत मिसळते. ओले पाचट पेटतही नाही, त्यामुळे शेजारच्या रानातून येणाऱ्या ठिणगीचाही धोका कमी होतो.

आग लागल्यावर पहिला तास

आग तारेमुळे लागली असेल, तर पहिले काम वीज बंद करणे आहे. लाइनमनला किंवा उपकेंद्राला फोन करून त्या फीडरचा पुरवठा बंद करायला सांगावे. तोवर तारेखाली पाणी मारू नये आणि तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये. त्याच वेळी अग्निशमन दलाला, शेजाऱ्यांना आणि कारखान्याच्या गट कार्यालयाला कळवावे. वीज बंद झाली की विहिरीची मोटारही बंद पडते, त्यामुळे पाण्याचा टँकर आणि ट्रॅक्टरवर चालणारा फवारणी पंप गावात कुठे आहे, हे आधीच माहीत असावे.

पेटलेल्या उसाच्या आत शिरून आग विझत नाही. वारा जिकडे वाहतो तिकडच्या बाजूला, आगीपासून पुरेशा अंतरावर, उसाच्या चार-पाच सऱ्या तोडून पाचटासह बाहेर काढाव्यात. ही मोकळी पट्टी आगीला अडवते. बांधावरचा पेटलेला पाला ओल्या फांद्यांनी झोडपून विझवता येतो. फडात घुसणाऱ्या माणसाला धूर आणि उष्णता चहूकडून घेरतात, उंच उसात दिशाही कळत नाही. अशा वेळी ऊस सोडून द्यावा, माणसाने बाहेर राहावे.

पहिले दोन दिवस

जळालेला ऊस उभा दिसला तरी तो आतून बिघडू लागतो. उष्णतेने कांडीची साल तडकते, त्या फटींतून जिवाणू आत जातात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यामुळे रस घट्ट होतो, साखरेचे स्फटिक नीट बनत नाहीत आणि उतारा घटतो. शिवाय पाने गेल्याने कांडीतले पाणी उडते, वजन घटते. हे नुकसान तासागणिक वाढते. म्हणून जळीत उसाचा अर्ज गट कार्यालयात त्याच दिवशी द्यावा आणि २४ ते ४८ तासांत गाळप होईल अशी तोडणी मागावी.

एका एकराचा हिशेब मांडून पाहता येतो. समजा ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये दर आहे, म्हणजे १,२०,००० रुपये. तोडणीस उशीर होऊन १० टक्के वजन घटले, तर ३६ टन राहतात आणि १२,००० रुपये जातात. काही कारखाने जळीत उसाच्या दरात कपात करतात. ती १० टक्के धरली, तर आणखी १०,८०० रुपये जातात. म्हणजे २२,८०० रुपये फक्त उसाचे. ठिबकची नळी, पाइप, केबल आणि होरपळलेल्या बुडख्यांमुळे विरळ होणारा खोडवा हे नुकसान वेगळे. पंचनाम्यात फक्त ‘ऊस जळाला’ असे लिहिले, तर या बाकीच्या बाबी मागता येत नाहीत.

पंचनामा तलाठी, महावितरणचे अधिकारी आणि पंचांसमोर व्हावा. पोलीस ठाण्यातही आगीची नोंद करावी. पंचनाम्यात गट क्रमांक, जळालेले क्षेत्र, पिकाचे वय, ठिबक व इतर साहित्य यांची स्वतंत्र नोंद असावी. वाहिनी दुरुस्त होण्याआधी तारेचे फोटो घ्यावेत : तारा टेकल्या तिथे त्यांवर काळे डाग आणि खड्डे पडलेले असतात, त्यांच्या बरोबर खाली राखेत ॲल्युमिनियमचे चकचकीत गोळे सापडतात. हे गोळे जपून ठेवावेत. आग तारेमुळे लागली की पाचटामुळे, हे ठरवताना तेच सर्वांत ठोस पुरावा असतात.

आगीचे कारण वीज कंपनीचे कर्मचारी नव्हे, तर राज्याच्या ऊर्जा विभागातील विद्युत निरीक्षक तपासतो. त्याच्याकडे लेखी अर्ज करून अहवालाची प्रत मागावी. या अहवालात वाहिनीचा दोष नोंदला गेला, की महावितरणकडे भरपाईची मागणी टिकते. अर्जासोबत पीकनोंद असलेला सातबारा, पंचनामा, कारखान्याची वजनाची पावती आणि मागील हंगामांच्या उत्पादनाचे पुरावे जोडावेत. दाद मिळाली नाही आणि शेतकऱ्याकडे कृषिपंपाची जोडणी असेल, तर तो ग्राहक या नात्याने जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो.

विम्यावर मात्र भिस्त ठेवता येत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत नैसर्गिक आग आणि वीज कोसळणे हे धोके धरलेले आहेत. तारेची ठिणगी किंवा कोणी लावलेली आग त्यात बसत नाही. त्यामुळे तारेच्या आगीत भरपाईचा मार्ग विद्युत निरीक्षकाच्या अहवालातून जातो आणि पाचटाच्या आगीत ती लावणाऱ्याच्या जबाबदारीतून. दोन्ही ठिकाणी कारण सिद्ध करावे लागते आणि त्याचा पुरावा दुरुस्ती, पाऊस किंवा नांगरणी होण्याआधीच गोळा करावा लागतो.