बाईंना दोन मुलं, बाईंकडे चाळीस

‘बाईंना दोन मुलं आहेत’ आणि ‘बाईंकडे चाळीस मुलं आहेत’. पहिली मुलं बाईंच्या पोटची, दुसरी त्यांच्या वर्गातली, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे एकच ‘हॅव’ चालून जातं. असं क्रियापद मराठीत नाही. आपण वस्तू ‘आहे’ म्हणतो आणि ती कुणाला, कुणाकडे, कुणाजवळ की कुणात, ते शेवटच्या प्रत्ययावर सोपवतो.

नाती, शेतीवाडी, ताप अशा माणसाला चिकटलेल्या गोष्टींना ‘ला’ लागतो. हाताळता, देता-घेता येण्याजोग्या वस्तूंना ‘कडे’. खिशात आत्ता असलेले पैसे ‘जवळ’, आणि धमक ‘अंगात’. सीमा काटेकोर नाहीत. वेळ ‘मला’ही असतो आणि ‘माझ्याकडे’ही. पण ‘माझ्याकडे एक बहीण आहे’ असं इंग्रजी शाळेतलं मूल म्हणालं, की बहीण राहायला आल्यासारखी वाटते. मनात आधी इंग्रजी वाक्य जुळलं होतं, हे लगेच कळतं.

या वाक्यांत कर्ता कोण, हा प्रश्न जास्त मजेचा आहे. ‘लताला भाऊ होता’, ‘लताला बहीण होती’. लता तीच, क्रियापद मात्र भावाबहिणीप्रमाणे बदललं. म्हणजे लता कर्ता नाही. मग ‘लताला स्वतःचं घर आहे’ हे वाक्य घ्या. ‘स्वतःचं’ सहसा कर्त्याकडे बोट दाखवतं, आणि इथे ते लताकडेच दाखवतंय. क्रियापद तिला मोजत नाही, ‘स्वतः’ मात्र मोजतो. दक्षिण आशियातल्या भाषांच्या अभ्यासकांनी अशा नामांना ‘चतुर्थीतला कर्ता’ म्हटलं आणि त्यावर बराच वाद घातला. मला ते नाव अर्धंच पटतं, कारण कर्तेपण इथे दोघांत वाटलं गेलंय.

ही रीत आपल्यापुरती नाही. रशियन माणूस ‘उ मेन्या येस्त मशीना’ म्हणतो, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे गाडी’. गाडी नसेल तर ‘नेत मशीनी’. नकार येताच गाडीच षष्ठीत जाते. आयरिशमध्ये पुस्तक ‘माझ्यापाशी’ असतं आणि भूक ‘माझ्यावर’. पुस्तक माझ्या मालकीचं आहे हे सांगायला तिथे वेगळी रचना लागते, त्यामुळे ‘पुस्तक माझ्यापाशी आहे, पण माझं नाही’ हे सहज म्हणता येतं.

लॅटिनमध्ये तर दोन्ही रीती शेजारी नांदत होत्या. ‘मिही एस्त लिबेर’ म्हणजे ‘मला पुस्तक आहे’, आणि ‘हाबेओ’ हे क्रियापदही होतंच. फ्रेंच आणि इटालियनने पुढे ‘हाबेओ’चा वंश चालवला. स्पॅनिशने ‘धरणे’ अर्थाच्या क्रियापदापासून ‘तेनेर’ घेतलं, आणि आज स्पॅनिश माणूस भाऊसुद्धा त्याच क्रियापदाने सांगतो.