काळी जमीन का फाटते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूरकडच्या काळ्या रानात भेगांत हात मनगटापर्यंत सहज जातो. काही भेगा खोलीला मीटरभराच्याही पुढे जातात. शेजारचं मुरमाड माळरान तेवढंच तापतं, पण तिथे अशी भेग दिसत नाही. दोन्हीकडचं ऊन सारखंच आहे, फरक मातीच्या कणांत आहे.

आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांचे कण अतिशय बारीक, चपटे आणि थरांचे असतात, आणि पाणी या थरांच्या मधेही शिरतं. त्यामुळे ओली माती फुगते. वाळताना उलटं घडतं. कणांमधल्या बारीक फटींत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो, त्याचा ताण वाढतो आणि कण एकमेकांकडे ओढले जातात. जेवढं पाणी उडून गेलं, जवळपास तेवढाच मातीचा आकार घटतो.

पण हे कायम चालत नाही. एका टप्प्यावर कण इतके जवळ येतात की आणखी सरकायला जागा उरत नाही. त्यानंतर पाणी जातं, पण त्याच्या जागी हवा शिरते आणि आकार तसाच राहतो. या टप्प्यावर मातीत जेवढं पाणी उरलेलं असतं, त्याचं कोरड्या मातीच्या वजनाशी असलेलं प्रमाण म्हणजे आकुंचन मर्यादा. स्वीडिश शास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या ज्या मर्यादा मांडल्या, त्यांतलीच ही एक.

प्रयोगशाळेत ती काढताना चाळलेल्या मातीचा पातळ चिखल करून, आतून तेलकट केलेल्या छोट्या वाटीत ठोकून ठोकून भरतात, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. आधी सावलीत आणि मग भट्टीत वाळवून उरलेल्या वडीचं आकारमान मोजतात. समजा वाटीत 24 घन सेंटीमीटर चिखल मावला. त्यात कोरडी माती 20 ग्रॅम आणि पाणी 16.6 ग्रॅम आहे. वाळलेली वडी भरली अवघी 10 घन सेंटीमीटर. आकार 14 घन सेंटीमीटरने घटला, म्हणजे आकुंचन चालू असताना 14 ग्रॅम पाणी गेलं. उरलेलं 2.6 ग्रॅम पाणी आकार न बदलता गेलं. त्याला 20 ने भागलं की 13 टक्के ही त्या मातीची आकुंचन मर्यादा.

इथे अनेकांची गल्लत होते. मर्यादा कमी म्हणजे माती कमी आकसते, असं वाटतं. खरं तर मर्यादा जितकी खाली, तितका वेळ माती आकसतच राहते. पावसाळ्याअखेर रानात जो ओलावा असतो तो आणि ही मर्यादा यांतलं अंतर मोठं असलं, तर भेगाही मोठ्या पडतात. काळ्या मातीत दोन्ही गोष्टी जुळून येतात: ती पाणी भरपूर धरते आणि तिची मर्यादा खाली असते.

आता हाच हिशेब रानात लावून पाहू. ओलावा 35 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आला, तर पाण्याने भरलेल्या मातीचं आकारमान सुमारे एक पंचमांश कमी होतं. सगळ्या दिशांना सारखं आकसलं असं धरलं, तर एका मीटरमागे सात-साडेसात सेंटीमीटर. उभ्या दिशेला अडचण नाही, जमीन गुपचूप खाली बसते. आडव्या दिशेला मात्र सगळं रान सलग आहे, आणि मातीचा प्रत्येक तुकडा शेजारच्याने धरून ठेवलेला. ताण मातीच्या ताकदीपलीकडे गेला की ती फाटते. एक भेग उघडली की तिच्या आसपासचा ताण सैल पडतो. म्हणून काही अंतरापर्यंत दुसरी मोठी भेग पडत नाही आणि आहे तीच रुंदावत जाते. प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरतो, कारण रानातली माती चिखलासारखी एकजीव नसते. तिच्या ढेकळांत, मुळांच्या वाटांत आधीच हवा असते.

भेग पडल्यावर नुकसान आणखी वाढतं. तिच्या दोन्ही भिंती उघड्या पडतात आणि खालची ओल तिथून उडू लागते. पिकाची बारीक मुळंही तुटतात. भेगेच्या तोंडाशी नीट पाहिलं तर वरची माती फिकट राखाडी आणि वीतभर खाली गडद दिसते. वाळत्या वडीचा रंगही मर्यादेच्या आसपास असाच फिकट पडतो, आणि तपासणारा त्या खुणेकडे लक्ष ठेवूनच वडी भट्टीत घालतो.

कोरडवाहू रब्बी ज्वारीत भेगा दिसू लागल्या की दातेरी कोळपं चालवतात, ते याचसाठी. कोळप्याने मोकळी झालेली माती भेगेत पडते, तिचं तोंड बुजतं आणि वर भुसभुशीत थर राहतो. मातीचं आकुंचन त्याने थांबत नाही, पण भेगेच्या भिंतींतून उडणारी ओल अडते. कोळपणीला उशीर झाला आणि भेग खोलवर गेली, तर वरची माती ती भरायला पुरत नाही. म्हणून बारीक रेघा दिसताच कोळपं जुंपायला हवं.