‘पूर्वीचा गणपती कसा होता?’ हे सोडून काहीही विचारा

गणेशोत्सव २०२५मध्ये राज्य महोत्सव झाला. आता त्याचा इतिहास लिहायचा तर मंडळांच्या स्मरणिका पुरायच्या नाहीत. त्यांत अध्यक्ष आणि जाहिरातदारच जास्त भेटतात. लालबाग-परळच्या चाळींतल्या आजी-आजोबांकडे मुलांना पाठवायला हवं, पण बरे प्रश्न देऊन. ‘पूर्वीचा गणपती कसा होता?’ असं विचारलं की ‘तेव्हा सगळे एकोप्यानं राहायचे’ एवढंच हाती लागतं.

त्यापेक्षा कामाचं विचारावं. आजोबा, गणपतीत तुमची रात्रपाळी आली तर घरी आरती कोण करायचं? वर्गणी मागायला पोरं पगाराच्या आधी यायची की नंतर? आजी, मोदकांचे नारळ कोण खवायचं? तुम्हाला विसर्जनाची मिरवणूक बघायला मिळायची का? या शेवटच्या प्रश्नावर एकोप्याची गोष्ट बऱ्याचदा थोडी बदलते.

मग येतो सालांचा घोळ. इथं मला इटलीतले मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली आठवतात. तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण पोर्तेल्लींना कित्येक कामगारांनी ही घटना १९५३ची, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातली म्हणून सांगितली. पोर्तेल्लींनी त्यांना खोटं ठरवलं नाही. आपला माणूस ज्या लढ्यात जावा असं त्यांना वाटत होतं, तिथं त्यांनी तो मृत्यू नेऊन ठेवला होता, असा अर्थ पोर्तेल्लींनी लावला.

आता समजा, एखादे आजोबा म्हणाले, ‘संपाच्या वर्षी आमच्याकडे गणपती आलाच नाही.’ गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे ‘संपाचं वर्ष’ म्हणजे १९८२च असेल असं नाही. साल विचारून उपयोग नाही. थोरला मुलगा तेव्हा कितवीत होता, घरातलं कोण गावी गेलं होतं, हे विचारावं. साल आपोआप सापडतं. ‘आमच्याकडे’ म्हणजे खोलीत की चाळीच्या मंडपात, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. मंडळाचं पावतीपुस्तक त्या वर्षी उत्सव झाल्याचं सांगत असेल, तर ते आजोबांच्या तोंडावर फेकू नये. ‘मंडपात काय होतं?’ एवढंच विचारून गप्प बसावं. कदाचित वर्गणी देता येत नव्हती म्हणून ते तिकडे फिरकलेच नसतील. त्यांचं म्हणणं नोंदीत तसंच ठेवावं, शेजारी पावतीचा तपशील लिहावा.

आजोबांचं उत्तर सूनबाई देऊ लागल्या तर त्यांना थांबवू नका. त्यांची वेगळी मुलाखत ठरवा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्याच, पण बोलणं संपल्यावर पुन्हा विचारा, कारण काय सांगून बसलो हे माणसाला तेव्हाच कळतं. ‘त्या शेजाऱ्याचं नाव काढा’ म्हणाले, तर ते काढून टाका आणि रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या.