बूस्ट कन्व्हर्टरचं सूत्र कुठे दगा देतं

शहापुरात शेजारच्या मागांच्या खडखडाटात रात्री माझं सोल्डरिंग चालतं. परवा १२ व्होल्टच्या बॅटरीवरून २४० व्होल्ट काढायचा हट्ट धरला होता.

कॉइलमधला प्रवाह कधीच शून्यावर येत नसेल, तर पुस्तकातलं सूत्र सोपं आहे: Vo/Vin = 1/(1−D). D म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा. D ०.९५ केला की २० पट, म्हणजे २४० व्होल्ट. कागदावर!

पण कॉइलच्या तारेला रोध असतो. तो ०.५ ओहम आणि लोड २०० ओहम धरा. आउटपुटला प्रवाह फक्त स्विच बंद असताना मिळतो, म्हणजे वेळेच्या ५ टक्केच. त्यामुळे लोडला ०.६ अँपिअर द्यायला कॉइलमधून १२ अँपिअर वाहतात. अर्धी बॅटरी, ६ व्होल्ट, तारेतच संपते. हाती येतात १२० व्होल्ट. ७२ वॅट लोडला, ७२ वॅट कॉइल तापवायला.

हेच शिखर. D ०.९८ केला तर सूत्र ६०० व्होल्ट सांगतं, मिळतात जेमतेम ८३. स्विच-डायोडचा तोटा तर मी धरलेलाच नाही.

खरा घोळ फीडबॅकचा. व्होल्टेज पडलं म्हणून कंट्रोलर D वाढवतो, ते आणखी पडतं, आणि तो कमाल D ला अडकून बसतो. D वाढवताना आउटपुट उतरलं आणि कॉइल चटके देऊ लागली, की समजा शिखर ओलांडलं.

या सर्किटला मी ०.९ चीच मर्यादा घातली. ९६ व्होल्ट मिळतात. २४० हवेच असतील तर ट्रान्सफॉर्मरवालं सर्किट घ्या.