निऱ्या दिसायच्या तर आरसा किती उंच हवा?

साडी नेसून आरशासमोर उभं राहावं आणि निऱ्या मात्र दिसू नयेत, हा अनुभव बऱ्याच घरांत येतो. मग आपण दोन पावलं मागे सरकतो. आरसा भिंतीला सपाट बसवलेला असेल, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. असं का, ते एका किरणाचा माग काढला की कळतं.

समजा, बाईंची उंची 160 सेंटिमीटर आहे आणि डोळे जमिनीपासून 148 सेंटिमीटरवर आहेत. पायाच्या बोटांकडून निघालेला किरण आरशावर आपटून डोळ्यात येतो. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात. शिवाय बोटं आणि डोळे आरशापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे किरण आरशाला लागतो ती जागा दोघांच्या उंचीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे 74 सेंटिमीटरवर येते. डोक्याच्या टोकाचा किरणही असाच 148 आणि 160 यांच्या मध्यावर, 154 सेंटिमीटरवर लागतो. या दोन खुणांमधलं अंतर 80 सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या निम्मं. एवढा आरसा पुरतो.

या हिशेबात आरशापासूनचं अंतर कुठेच आलं नाही. आपण मागे गेलो की प्रतिबिंब लहान दिसतं हे खरं, पण आरसाही त्याच प्रमाणात लहान दिसतो. खात्री करायची असेल तर डोकं आणि पाय जिथे दिसतात तिथे काचेवर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा आणि मागे जाऊन पाहा. डोकं आणि पाय त्याच तुकड्यांवर दिसतील.

चूक बहुधा आरशाच्या आकारात नसते, खिळ्याच्या जागेत असते. हाच 80 सेंटिमीटरचा आरसा जमिनीपासून 100 सेंटिमीटरवर लावला, तर खालच्या कडेतून 52 सेंटिमीटर उंचीपर्यंतच दिसतं. म्हणजे गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. उलट वरच्या 26 सेंटिमीटर काचेत नुसती मागची भिंत दिसते.

पण जुन्या घरांत खिळ्याला दोरीने टांगलेला, वरून पुढे झुकलेला आरसा असतो. तिथे मागे सरकल्यावर पाय खरंच दिसू लागतात. आरसा 3 अंशांनी झुकला आणि आपण 2 मीटरवर उभे राहिलो, तर लागणारा पट्टा साधारण 10 सेंटिमीटर वर सरकतो. जितकं दूर जावं, तितका तो आणखी वर जातो. मागे सरकण्याची आपली सवय अशाच आरशांनी लावली असावी, असं मला वाटतं.

घरात सगळ्यांसाठी एकच आरसा असेल, तर खालची कड सर्वांत बुटक्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून ठरते आणि वरची सर्वांत उंच माणसावरून. 90 सेंटिमीटरवर डोळे असलेल्या मुलाला पाय दिसायचे तर काच 45 सेंटिमीटरपासून सुरू व्हायला हवी. तेव्हा खिळा ठोकण्याआधी डोळ्यांची उंची मोजा, तिची निम्मी करा आणि भिंतीवर तिथे खूण करा. आणि हे माप चौकटीचं नव्हे, काचेच्या खालच्या कडेचं धरा.