फोटोतला ढीग किती ब्रासचा?

गावाकडे घराचं काम चालू असतं आणि मालक पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला असतो. ट्रॉली खाली झाली की ठेकेदार फोनवर फोटो धाडतो, "१ ब्रास वाळू पडली." फोटोत वाळूचा ढीग दिसतो, पण तो खरंच १ ब्रासचा आहे की पाऊणच, हे नुसत्या नजरेनं कळत नाही. ब्रास म्हणजे १०० घनफूट. ज्या वस्तूची लांबी आपल्याला माहीत आहे अशी एखादी वस्तू त्याच फोटोत असली, तर घरबसल्या बऱ्यापैकी हिशेब करता येतो. फोटो मात्र त्यासाठीच काढलेला हवा.

वस्तू कोणती ठेवायची, हा पहिला प्रश्न. बहुतेक जण वीट ठेवतात, कारण ती साइटवर हाताशी असते. पण ९ इंचांची वीट फोटोत एवढीशी दिसते आणि तिच्या कडा नेमक्या कुठे आहेत हे ठरवताना थोडी चूक होतेच. ती चूक ५ टक्क्यांची झाली तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही मापांत उतरते, आणि तिन्हींचा गुणाकार झाल्यावर घनफळात ती १५ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणून वस्तू जितकी लांब तितकी बरी. टेप लावून बरोबर ५ फुटांवर कापलेला बांबू किंवा पाइपचा तुकडा हे काम उत्तम करतो. दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी गुंडाळली की टोकं फोटोत स्पष्ट उठून दिसतात.

काठी कुठे उभी करायची, यावर सगळं अवलंबून आहे आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान. समजा ढिगाचा पाया १० फूट रुंद आहे आणि फोटो काढणारा ढिगाच्या मध्यापासून २० फुटांवर उभा आहे. काठी ढिगाच्या पुढच्या कडेला, म्हणजे त्याच्या बाजूला रोवली, तर ती त्याच्यापासून १५ फुटांवरच येते. मग ती आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि तिच्या मानानं ढीग लहान वाटतो. प्रत्येक माप पाऊणपट निघतं आणि पाऊणपटाचा घन ०.४२. म्हणजे पुरा १ ब्रासचा ढीग हिशेबात अर्ध्या ब्रासच्याही खाली जातो! यात ठेकेदाराचा काहीच दोष नसतो, पण भांडण त्याच्याशी होतं.

उपाय अगदी सोपा आहे. काठी ढिगाच्या पुढे न ठेवता बाजूला उभी करायची, ढिगाचं टोक ज्या रेषेत आहे त्याच रेषेत. आणि स्वतः ४० फूट मागे जाऊन झूम करून फोटो काढायचा. फोनची सगळं सामावून घेणारी रुंद लेन्स टाळायची, कारण तिच्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. फोटो उभ्यानं न काढता उकिडवं बसून काढायचा. उभ्यानं वरून पाहिलं तर ढिगासमोरची जमीनही फोटोत पसरते आणि पुढच्या कडेपासून टोकापर्यंत मोजलं की ती जमीनही उंचीत धरली जाते. म्हणून उंची मोजायची ती काठीचं खालचं टोक जमिनीला जिथे टेकलं आहे त्या पातळीपासून.

आता एक ढीग मोजून पाहू. फोटो लॅपटॉपवर उघडला. ५ फुटांची काठी ४०० पिक्सेल भरली, म्हणजे १ फुटाला ८० पिक्सेल. ढिगाचा पाया ८०० पिक्सेल, म्हणून १० फूट. उंची २८० पिक्सेल, म्हणजे साडेतीन फूट. आकडे पटण्यासारखे आहेत का, हे लगेच तपासता येतं. सुटी वाळू स्वतःच्या वजनानं घसरून साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर थांबते, त्यामुळे ढिगाची उंची पायाच्या रुंदीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असते. १० फुटांना साडेतीन फूट म्हणजे ३५ अंश. किंचित ओलसर वाळूला हे शोभतं. हाच हिशेब ५ किंवा ६ फूट उंची दाखवू लागला असता, तर काठी किंवा कॅमेरा चुकला हे ओळखायचं.

शंकूचं घनफळ शाळेतल्या सूत्रानं निघतं: १/३ × ३.१४ × त्रिज्येचा वर्ग × उंची. इथे त्रिज्या ५ फूट, म्हणून उत्तर साधारण ९२ घनफूट. म्हणजे ब्रासला ८ घनफूट कमी. ठेकेदाराला फोन लावण्याआधी मात्र ढीग दुसऱ्या बाजूनं, काटकोनात जाऊन पाहायला हवा. तोच मोजण्याचा कळीचा टप्पा आहे आणि तोच नेहमी राहून जातो.

ट्रॉलीतून ओतलेला ढीग क्वचितच गोल असतो. ट्रॉली थोडी पुढे सरकत खाली होते आणि ढीग लांबट पडतो. आपल्या ढिगाचा दुसरा फोटो सांगतो की पाया या बाजूनं १२ फूट आहे, आणि माथ्याला टोक नसून २ फुटांचा आडवा कणा आहे. याचा अर्थ शंकू मधोमध चिरून दोन अर्धे २ फूट लांब केले आणि मधल्या जागेत वाळू भरली. त्या मधल्या भागाचं घनफळ: १/२ × १० × ३.५ × २ = ३५ घनफूट. ९२ मध्ये ३५ मिळवले की १२७. एका फोटोत तूट दिसत होती, दुसऱ्यानं सव्वा ब्रासच्या वर नेलं. ढीग भिंतीला टेकून पडला असेल किंवा खाली खड्डा असेल, तर हे सूत्र लागू पडत नाही.

तरी १२७ हा आकडाही शेवटचा नव्हे. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे तीच वाळू फुगून जास्त जागा घेते. हे फोटोत कधीच दिसत नाही. साइटवर मात्र सहज तपासता येतं. सरळ उभ्या भिंतींच्या डब्यात ती वाळू न दाबता १२ इंच भरायची, मग वाळू पूर्ण बुडेपर्यंत पाणी ओतून ढवळायचं. वाळू बसली की पुन्हा उंची मोजायची. १० इंच भरली, तर १२ इंचांत २ इंच फुगवटा होता. आपल्या १२७ घनफुटांना १० नं गुणून १२ नं भागलं की १०६ घनफूट येतात. म्हणजे ब्रास पुरा आहे आणि वर थोडं जास्तच.

दोन फोटो, काठी योग्य जागी आणि फुगवट्याची तपासणी, एवढं सगळं नीट केलं तरी ढिगाचा ओबडधोबडपणा उरतोच. म्हणून १० टक्क्यांच्या आतल्या फरकावरून कुणावर तुटीचा आरोप करू नका. तूट २५–३० टक्के निघाली तर मात्र बोलायला जागा आहे. आणि नेमकाच हिशेब हवा असेल, तर पुढची ट्रॉली खाली होण्याआधीच तिच्या आतली लांबी, रुंदी आणि वाळूची उंची टेपनं मोजून घ्यायला सांगा. त्या मापाला फोटोची गरज नाही.