टार्टचा तळ ओला राहतो? आधी रिकामं कवच भाजा

महाळुंग्यातल्या आमच्या दुकानात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की टार्टच्या ऑर्डर सुरू होतात. पहिल्या वर्षी हिंजवडीच्या एका ऑफिसला सहा टार्ट दिले. सकाळी भरले, चार वाजता कापले, तर तळाचं पीठ लगदा! पैसे परत केले. चूक माझीच होती, कच्च्या कवचात कस्टर्ड ओतून दोन्ही एकदम भाजलं होतं. कस्टर्ड शिजेपर्यंत त्यातलं पाणी कच्च्या मैद्यात मुरतं, आणि मग तळ कितीही वेळ ठेवा, कुरकुरीत होत नाही.

म्हणून कवच आधी रिकामंच भाजायचं. बावीस सेंटिमीटरच्या साच्याला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड बटर, ५० ग्रॅम पिठीसाखर आणि मळण्यापुरतं थंड दूध. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये, लाटून साच्यात बसवला की परत वीस मिनिटं फ्रिजमध्ये. हे टाळू नका. बटर मऊ असेल तर मैदा सेट व्हायच्या आधी ते वितळतं आणि कडा खाली घसरतात.

आता तळाला काट्याने टोचे मारा, वर बटर पेपर ठेवा आणि राजमा काठापर्यंत भरा. मूठभर टाकून चालत नाही, कारण वजन तळ फुगू देत नाही तसं कडांनाही आधार देतं. खास सिरॅमिकचे मणी मिळतात, पण आमचा किलोभर राजमा दोन वर्षं तोच आहे. तो खायचा नाही, डब्यावर तसं लिहून ठेवा. एकदा आमच्या मावशींनी भिजत घातला होता!

ओव्हन आधीच १९० अंशांवर तापवा. वजनासकट १८ ते २० मिनिटं. पेपर उचलताना चिकटला तर घाई झाली, अजून तीन-चार मिनिटं द्या. मग राजमा काढून १८० वर आणखी १० मिनिटं. खरा तळ इथेच वाळतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मिनिटांपेक्षा रंग बघा. मध्यभागी करडे, तेलकट डाग दिसत असतील तर तो अजून कच्चा आहे. सगळीकडे कोरडा, बिस्किटासारखा फिका सोनेरी हवा. छोट्या ओटीजीचा आकडा बऱ्याचदा वीसेक अंशांनी चुकतो, त्यामुळे ओव्हनचं थर्मामीटर आत ठेवाच.

कवच पूर्ण गार झालं की आतून वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात फिरवा आणि तो घट्ट होऊ द्या. मग वेगळं शिजवून गार केलेलं कस्टर्ड, वर स्ट्रॉबेरी. चॉकलेटने ओल अडते, पण काही तासच. म्हणून आम्ही कवचं आदल्या दिवशी भाजून हवाबंद डब्यात ठेवतो आणि भरतो डिलिव्हरीच्या दोन तास आधी.